मिकूचा कॉस्प्ले रेफरन्सशी ताडून बघताना: आधी लांबून, मग जवळून

माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी एका इव्हेंटसाठी हात्सुने मिकू ह्या जपानी कॅरेक्टरचा वेष करायचं ठरवलं. तीन महिने ऑफिसवरून आल्यावर रात्री शिवणकाम, गोंद, पेंट, सगळं केलं आणि इव्हेंटच्या १२ दिवस आधी मला आरशातला सेल्फी पाठवला. खाली मेसेज, "ताई सगळं आहे गं, पण मिकू दिसत नाहीये, काय चुकतंय कळतच नाही."

आणि खरंच सगळं होतं. हिरवट निळा विग, दोन लांब पोन्या, टाय, काळा प्लेटेड स्कर्ट, वेगळ्या बाह्या, मांडीपर्यंतचे बूट, हेडफोन, एवढंच काय हातावर लाल 01 पण होता. यादी घेऊन टिक करत बसलं तर दहापैकी दहा. आणि तरी फोटो बघून वाटत होतं की कुणीतरी मुलगी मिकूचे कपडे घालून उभी आहे. ह्या १२ दिवसांत आम्ही तो कॉस्प्ले रेफरन्सशी ताडून कसा बघितला, काय सुधारलं आणि काय मुद्दाम सोडून दिलं, ते सगळं इथे लिहितेय. कॅरेक्टर तुमचं दुसरं असेल तरी क्रम हाच ठेवा, कारण गडबड क्रमातच होते. सगळे जवळून बघायला सुरुवात करतात, बटण बरोबर आहे का, पट्टी किती मिलीमीटर, आणि लोक तर तुम्हाला आधी दहा फुटांवरून बघतात.

रेफरन्स एकच धरा, आणि कुठला ते लिहून ठेवा

मिकू मूळची २००७ ची. जपानच्या क्रिप्टन फ्युचर मीडिया कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ ला गाण्याचं सॉफ्टवेअर काढलं त्याच्या बॉक्सवरची ही मुलगी, चित्र काढलं केई ह्या चित्रकाराने. डिझाइन यामाहाच्या सिंथेसायझरवर बेतलेलं आहे, म्हणून बाहीवर ती बटणं आणि पट्ट्या दिसतात. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या आल्या तशी ड्रेसमध्ये बारीकसारीक फरक होत गेले, शिवाय दरवर्षी स्नो मिकू वेगळी, रेसिंग मिकू वेगळी. बहिणीच्या फोनमध्ये ४० फोटो सेव्ह होते आणि तिने टाय एका चित्रातून, बाही दुसऱ्यातून, शर्ट तिसऱ्या कुणाच्यातरी कॉस्प्लेमधून उचलला होता. दुसऱ्याचा कॉस्प्ले रेफरन्स म्हणून वापरायचा नाही हे मी अगदी ओरडून सांगेन, कारण त्याने केलेली तडजोड तुम्ही मूळ डिझाइन समजून कॉपी करता. तिचा शर्ट पांढराशुभ्र होता तो असाच आला. मूळ मिकूचा शर्ट राखाडी आहे.

तर आम्ही २००७ चं मूळ डिझाइन पक्कं केलं, समोरून उभं असलेलं पूर्ण चित्र घेतलं आणि बाकीचे ३९ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. मागची बाजू, बुटाचा तळ असल्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी एक दुसरं चित्र ठेवलं, पण फक्त तेवढ्यापुरतंच.

फोटो नीट काढा, सेल्फी चालणार नाही

आरशातल्या सेल्फीवरून काहीच ठरवता येत नाही. एक तर डावं उजवं उलटं होतं (ह्याची गंमत शेवटी सांगते), दुसरं म्हणजे फोनचा साधा कॅमेरा जवळून धरला की जे लेन्सच्या जवळ ते मोठं दिसतं. छातीच्या उंचीवरून हातभर अंतरावर काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, आणि मग तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करायला लागता.

आम्ही असं केलं. फोन स्टुलावर पुस्तकांची थप्पी लावून कमरेच्या उंचीवर ठेवला, मागचा कॅमेरा, २ एक्स झूम, टायमर लावला आणि ती चार मीटर लांब उभी राहिली. हॉलमध्ये चार मीटर मिळत नव्हते म्हणून शेवटी बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. सकाळी साडेनऊ दहाची वेळ, टाकीच्या सावलीत, म्हणजे थेट ऊन नाही पण उजेड भरपूर. मागे साधी भिंत. रेफरन्समध्ये जशी पोझ आहे तशीच पोझ, हसणं बिसणं नको. एक समोरून, एक बाजूने, एक पाठीमागून, आणि चौथा हातात पांढरा कागद धरून. तो कागद कशाला ते रंगात येईल.

पहिली तपासणी: सगळं काळं करून टाका

फोनमधल्या कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये फोटोवर ब्रशने आकृती आतून पूर्ण काळी भरून टाका. रेफरन्सचंही तसंच करा. मग दोन्ही एकाच उंचीचे करून शेजारी शेजारी ठेवा. ह्याला १५ मिनिटं लागतात आणि माझ्या मते अख्ख्या तपासणीतलं सगळ्यात कामाचं हेच आहे.

आम्ही दोन्हींचे प्रिंट काढून फ्रिजवर लावले होते. मावशी दुधाचं पातेलं घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "ही पहिली मुलगी ओळखीची वाटतेय, पण ही दुसरी कोण, शाल पांघरून उभी आहे का?"

शाल! बरोब्बर तेच. मिकूच्या पोन्या डोक्याच्या वरच्या भागातून निघून आधी बाहेर जातात, मग खाली येतात, मधे रुंद होतात आणि टोकाला परत निमुळत्या. त्यामुळे पोनी आणि खांदा ह्यांच्यामध्ये, पोनी आणि कंबर ह्यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते. मिकूची ओळख त्या मोकळ्या जागेत आहे. बहिणीच्या क्लिपवाल्या पोन्या विगवर चिमट्याने लावलेल्या, वजनाने सरळ खाली लोंबत होत्या, खांद्याला आणि हाताला चिकटून, आणि काळं केल्यावर हात, बाही, पोनी सगळं मिळून एकच ठोकळा.

काळ्या आकृतीत मी तीन गोष्टी बघते. मोकळ्या जागा कुठे आहेत, सगळ्यात रुंद भाग कुठे येतो, आणि टोकं कुठे संपतात. लांबी ही त्यातली तिसरी गोष्ट आहे आणि लोक तिलाच पहिली धरतात.

लांबीचं गणित तरी सांगते, कारण ते सगळ्या कॅरेक्टरना लागू पडतं. आमच्या प्रिंटवर मिकूची उंची २० सेंटिमीटर होती आणि पोनीचं टोक जमिनीपासून अडीच सेंटिमीटर वर. म्हणजे उंचीच्या साडेबारा टक्के. बहिणीची उंची १६३, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. पोनी जिथून निघते ती जागा तिच्या बाबतीत जमिनीपासून १५८ वर. म्हणजे नुसती सरळ खाली यायलाच १३८ सेंटिमीटरची पोनी लागेल, बाहेर वळवली तर अजून जास्त. तिच्याकडची पोनी १०० ची होती. नवीन मागवायला वेळ नव्हता.

मग ठरवायचं काय? मी म्हटलं लांबी सोड, फट मिळव. पोनी गुडघ्याच्या वर संपली तरी मिकू ओळखू येते, फट गेली की येत नाही.

फट मिळवायला दोन उपाय केले. मिकूच्या केसांना रबरबँड नसतो, चौकोनी काळी चौकट असते, तिला लालसर गुलाबी कडा. बहिणीने ती पातळ फोमची करून चपटी चिकटवली होती. ती आम्ही पाच सेंटिमीटर जाड फोमची परत केली, म्हणजे पोनी डोक्यापासूनच तेवढी बाहेर सरकली. दुसरं, पोनीच्या आत वरच्या ३० सेंटिमीटरपर्यंत दोन मिलीमीटरची अल्युमिनियमची तार केसांच्या पट्टीला टाके घालून बसवली आणि हाताने बाहेरच्या बाजूला वाकवली. तारेचं टोक गोल वळवून त्यावर टेप गुंडाळा, नाहीतर विगमधून बाहेर येऊन टोचतं.

ह्यात एक अडचण येते. पोनी बाहेर गेली की विग मागे ओढला जातो. आमची एक पोनी किचनच्या काट्यावर २३० ग्रॅम भरली, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ अर्धा किलो, आणि हे वजन डोक्याच्या दोन बाजूंना लटकतंय. उपाय म्हणजे विगखाली स्वतःच्या केसांचे दोन घट्ट आंबाडे, बरोब्बर पोन्यांच्या जागी, आणि त्यात विगमधून आरपार मोठ्या पिना. मग २० मिनिटं घालून घरात फिरायचं, दोनदा खाली वाकायचं, मान हलवायची. कपाळावरची विगची कड बोटभर मागे सरकली तर पिना कमी पडतायत. कानामागे दुखायला लागलं तर विगची मागची पट्टी सैल करा, कारण दुखणं २० मिनिटांत सुरू झालं तर चार तासांत ते असह्य होणार.

एक गोष्ट मात्र सोडून द्यायची. चित्रातले पाय माणसाच्या पायांपेक्षा लांब असतात. स्कर्टची कड उंचीच्या टक्क्यांनी मोजून जुळवायला गेलात तर स्कर्ट घालण्यासारखा राहणारच नाही. तिथे आकडा बाजूला ठेवा आणि बेल्ट दोन तीन सेंटिमीटर वर चढवा, म्हणजे कंबर वर आल्यासारखी दिसते आणि पाय आपोआप लांब वाटतात. बाहीचं उलटं, ती मनगटाकडे घेरदार आणि ताठ हवी. बहिणीची बाही मऊ कापडाची होती, हात खाली सोडला की गळून पडायची, म्हणून कडेच्या आत दीड इंचाची बकरमची पट्टी टाकली. बाह्या फुलल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या काळ्या आकृतीत शाल गेली.

रंग: आधी उजेड, मग कापड

मिकूचा रंग हा नेहमीच्या भांडणाचा विषय. फॅन लोक ज्याला मिकूचा रंग म्हणतात त्याचा कोड #39C5BB आहे. कापडाच्या दुकानात हा कोड सांगून उपयोग नाही, तिथे "फिरोजी" म्हटलं की निळसर येतं, "रामा ग्रीन" म्हटलं की गडद येतं, "सी ग्रीन" म्हटलं की फिका हिरवा येतो, आणि आपल्याला पाहिजे ते ह्या तिघांच्या मधे कुठेतरी आहे.

बहिणीने विग ऑनलाइन घेतला, टायचं आणि स्कर्टच्या कडेचं कापड मॅचिंग सेंटरमधून, तिथे विगचा तुकडा नेऊन, दुकानातल्या ट्यूबखाली जुळवून. आणि गच्चीवर आल्यावर टाय वेगळा, विग वेगळा! हे साडीवर मॅचिंग ब्लाउज पीस घेतलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, म्हणून तर आपण दुकानदाराला सांगून कापड दाराबाहेर उजेडात नेऊन बघतो. विगचा नायलॉनसारखा धागा आणि पॉलिस्टरचं कापड एका दिव्याखाली सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली नाही, कारण दोघांतले रंग वेगळे असतात, फक्त त्या एका उजेडात ते डोळ्याला सारखे भासतात. त्यामुळे इव्हेंट जिथे आहे तो उजेड धरा. हॉलमध्ये पांढरे एलईडी असणार, फोटोशूट बाहेर असणार, दोन्हीकडे बघा.

आता तो पांढरा कागद. फोन स्वतःच्या मनाने रंग बदलतो, समोर खूप फिरोजी असलं तर तो फोटो थोडा लालसर करून टाकतो. म्हणून कागदवाला फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये उघडा आणि कागद खरंच पांढरा दिसेपर्यंत तापमान आणि टिंट हलवा. तेच आकडे बाकीच्या फोटोंना लावा. त्यानंतरच अ‍ॅपमधलं रंग ओळखणारं ड्रॉपर टूल फोटोतल्या विगवर टेकवा, चमकत्या भागावर नाही, सावलीतही नाही, मधल्या भागावर, चार पाच ठिकाणी.

अ‍ॅपमध्ये रंग एचएसबी पद्धतीने बघा, आरजीबी नको, मग तो तीन आकड्यांत दिसतो. त्यातला पहिला, म्हणजे रंगचक्रावरची जागा, तेवढाच बघा. #39C5BB चा हा आकडा १७६ येतो. आमचा विग १७९ च्या आसपास आला, म्हणजे उत्तम. टाय आला १९१, म्हणजे निळ्याकडे झुकलेला. पाच सहाचा फरक मी सोडून देते, दहाच्या पुढे गेला की डोळ्याला खटकतो. दुसरा आणि तिसरा आकडा उजेडाप्रमाणे इतके हलतात की त्यावर भांडत बसू नका.

आणि जुळवायचं कशाशी? चित्राशी नाही, विगशी. विग हा सगळ्यात मोठा रंगाचा भाग, आणि सिंथेटिक विग घरच्या साध्या रंगाने रंगत नाही, म्हणजे तो बदलणं सगळ्यात अवघड. म्हणून विग राजा, बाकी सगळे त्याच्या मागे. विग चार अंश निळा असेल तर टाय, स्कर्टची कड, बुटाची पट्टी, नखं, सगळं चार अंश निळं करा, कुणाला कळणार नाही. विग एक आणि टाय दुसरा असला की लगेच कळतं. आम्ही टाय नवीन शिवला, दीडशे रुपयांचं कापड आणि एक संध्याकाळ.

रंगात अजून एक तपासणी आहे, तीसुद्धा पाच मिनिटांची. दोन्ही फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. रेफरन्समध्ये बूट, स्कर्ट आणि बाह्या सगळ्यात गडद, केस मधले, शर्ट त्याहून उजळ पण पांढराफटक नाही. बहिणीच्या फोटोत शर्ट एवढा पांढरा होता की नजर चेहऱ्याच्या आधी पोटावर जात होती. काळा रंग पाण्यात अगदी पातळ करून आधी चिंधीवर बघितला, मग शर्ट बुडवला. कॉटन असेल तर जमतं, तिचा शर्ट नशिबाने कॉटनचा होता, नाहीतर नवीनच शिवावा लागला असता.

विग जवळून, आणि मागून

आता एक मीटरवर या. झुलपांचा आकार आधी बघा. मिकूची झुलपं एका सरळ रेषेत कापलेली नसतात, जाड बटांचे टोकदार गट असतात, मधली बट नाकाच्या वरच्या टोकाशी येते आणि चेहऱ्याच्या दोन बाजूंना लांब बटा हनुवटीच्या खाली जातात. विकतच्या विगमध्ये हे सगळं सरसकट आणि लांब येतं, कापायचं तुम्हालाच असतं. विग डोक्यात घालूनच कापा, स्टँडवर नाही, कारण कपाळाची उंची प्रत्येकाची वेगळी. आणि कात्री आडवी धरू नका, उभी धरून टोकाकडे थोडं थोडं कापत जा. डोळ्यापर्यंत हवं असेल तर आधी नाकापर्यंत ठेवा, घालून फोटो काढा, मग उरलेलं.

चमक हा दुसरा मुद्दा. स्वस्त विग फ्लॅशमध्ये प्लॅस्टिकसारखा चमकतो. टाल्कम पावडर मोठ्या ब्रशने मुळाशी लावा आणि झटका, पण थोडी, नाहीतर कोंडा झाल्यासारखं दिसतं आणि काळ्या बाहीवर पडते ते वेगळंच.

तिसरं पाठीमागून. हे नव्वद टक्के लोक बघतच नाहीत. मिकूचे केस मागे मधोमध भांग पाडून दोन बाजूंना ओढलेले असतात, आणि विगमध्ये भांग पाडला की केसांच्या पट्ट्या शिवलेल्या रेषा आणि खालची जाळी उघडी पडते. बहिणीच्या मागच्या फोटोत मानेवर तिचे स्वतःचे काळे केस पण डोकावत होते, आपल्याकडे केस काळे असल्यामुळे हिरव्या विगखाली ते फारच उठून दिसतात. मानेवरचे केस जेल लावून वर घ्या, विग कॅप मानेपर्यंत खाली ओढा. जाळी दिसत असेल तर पोनीच्या आतून थोडे केस काढून भांगेवर टाके घालून बसवा.

मेकअप: तीन मीटरवरून दिसत नसेल तर नाहीच

अंगाचा रंग तपासायचा मुद्दाच नाही. मिकू गोरी काढलीय म्हणून दोन शेड उजळ फाउंडेशन थापायचं आणि मानेपाशी रेषा दिसू द्यायची, हे करू नका. मानेशी मॅच होणारं फाउंडेशन लावा.

बघायचं ते भुवया आणि डोळे. फिरोजी विगखाली काळ्याभोर भुवया म्हणजे डोक्यावर विग ठेवलाय अशी पाटीच. पांढरी शाळेतली ग्लू स्टिक भुवयांवर केसांच्या दिशेने दोन थर लावा, मधे वाळू द्या, त्यावर पावडर, त्यावर कन्सीलर आणि मग विगच्या रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने. विगपेक्षा थोडी गडद घ्या, नाहीतर लांबून भुवया गायब. पूर्ण झाकता आल्या नाहीत तर नुसता रंगीत मस्करा फिरवला तरी अर्धं काम होतं.

डोळ्यांना खालची रेषा तुमच्या पापणीच्या रेषेखाली दोन तीन मिलीमीटर काढा आणि मधली जागा पांढऱ्या पेन्सिलने भरा, डोळा मोठा दिसतो. आरशात हे भयानक दिसतं. बहीण रडकुंडीला आली होती, "ताई मी जोकर दिसतेय." म्हणून चेहरा आरशात जोखायचाच नाही, तीन मीटरवरून फोटो काढून जोखायचा. तिथे ती जोकर नव्हती, मिकू होती. रंगीत लेन्स घालणार असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माप घेऊनच, आणि कुणाची वापरलेली उसनी अजिबात नाही.

मग एक फोटो मुद्दाम फ्लॅश मारून. काही सेटिंग पावडर आणि सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे डाग देतात, साध्या डोळ्याला काहीच दिसत नाही. आमच्या वेळी डोळ्यांखाली दोन पांढरे चंद्र आले, पावडर बदलली. आणि मुंबईच्या हवेत पंखा बंद करून अर्धा तास बसायची टेस्ट पण करा, भुवयांवरचा गोंद घामाने आधी कडेकडून सुटतो.

कांद्याची पात

मिकूच्या हातात जी पात असते ती बॉक्सवरच्या चित्रात नाहीच. सॉफ्टवेअर आल्यावर काही दिवसांतच, २००७ मध्येच, एका व्हिडिओत बुटकी मिकू फिनलंडचं लोकगीत म्हणत पात फिरवते, तिथून ती चिकटली. म्हणजे पातीचा रेफरन्स वेगळा घ्यावा लागतो. ती जपानी नेगी, आपल्या पातीच्या कांद्यापेक्षा जाड आणि लांब, खाली कांदा फुगलेला नाही, पांढरा दांडा सरळ आणि वर हिरवी पानं फुटतात.

बहिणीने बाजारातून खरी पात आणायचं म्हटलं होतं. दोन तासांत माना टाकते आणि वास येतो, लोकलमध्ये तर विचारूच नका. म्हणून फोमची केली. प्रॉपचं माप नेहमी कॅरेक्टरच्या हाताशी ताडा. त्या बुटक्या मिकूचं अंगच इवलंसं, चित्रातली पात जशीच्या तशी अंगाच्या प्रमाणात केली तर बांबू होतो. आम्ही कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढं अंतर तेवढी, ४४ सेंटिमीटर ठेवली. जाडी मुठीत धरल्यावर अंगठा आणि मधलं बोट जेमतेम टेकेल इतकी. हिरवा रंग विगपेक्षा स्पष्ट वेगळा, पिवळसर हिरवा घ्या, कारण केसांसमोर धरली की फिरोजीत हरवून जाते, पहिली पात अशीच हरवली होती. आत लोखंडी सळई घालू नका, गेटवर प्रॉप तपासतात आणि धातू सहसा चालत नाही. आम्ही आत कागदाची घट्ट गुंडाळी घातली.

हेडफोनमध्ये एकच बघा, विग घातल्यावर ते कानावर बसतात की केसांवर तरंगतात. आमचे तरंगत होते. खरे हेडफोन सोडून फोमचे दोन गोल थेट विगला शिवले.

काय सोडलं

दिवस १२ आणि रोज दोन तास, त्यामुळे सगळं होणार नव्हतं. चार मीटरवरून दिसणाऱ्या चुका आधी, म्हणजे पोन्यांची फट, शर्ट, बाह्या. मग एक मीटरवरच्या, टाय, भुवया, झुलपं, मानेवरचे केस. हातभर अंतरावरच्या शेवटी. बाहीवरच्या सिंथेसायझरच्या पॅनेलची बटणं तिने हाताने रंगवलेली थोडी वाकडी होती, तिला ती सगळ्यात जास्त खुपत होती आणि मी तिला त्यांना हातसुद्धा लावू दिला नाही. जजसमोर उभं राहायचं असतं तर वेगळं केलं असतं, तिथे बाही हातात घेऊन शिवण बघतात.

दर दोन दिवसांनी तीच गच्ची, तीच वेळ, तेच चार फोटो. आधीच्या फोटोशी नाही, दर वेळी रेफरन्सशीच ताडायचं, नाहीतर "आधीपेक्षा बरं आहे" ह्यावरच समाधान होतं.

आणि तो 01. मूळ चित्रात तो मिकूच्या स्वतःच्या डाव्या दंडावर आहे, म्हणजे समोरून बघणाऱ्याला उजवीकडे. बहिणीने पहिल्यांदा बरोब्बर डाव्या हातावर काढला होता, पण आरशातल्या सेल्फीत तो डावीकडे दिसला, रेफरन्समध्ये उजवीकडे, म्हणून तिला वाटलं चुकला. मी गच्चीवरचा फोटो दाखवून समजावलं, तिला पटलं, विषय संपला असं मला वाटलं. इव्हेंटच्या सकाळी साडेसातला फोन. "ताई, मी आरशासमोर उभी आहे, लाल पेन्सिल हातात आहे, पटकन सांग, माझा डावा की मिकूचा डावा?"